ॲडव्हान्स दिलेल्या पुस्तकाचा रॉयल्टी हिशेब: न फिटलेली बाकी पुढे कशी ओढावी

प्रकाशनसंस्थेच्या हिशेब विभागात नव्याने रुजू झालेल्या माणसाला रॉयल्टीचे गणित पहिल्या दिवशी सोपे वाटते. विकलेल्या प्रती, छापील किंमत आणि कराराचा दर यांचा गुणाकार केला की लेखकाला द्यायची रक्कम मिळते, असा त्याचा समज असतो. लेखकाला पुस्तक निघण्यापूर्वीच काही रक्कम दिलेली असली, की हा समज टिकत नाही. तो गुणाकार लेखकाने त्या वर्षी किती मिळवले एवढेच सांगतो. त्यातले हातात किती पडायचे, हे मागची बाकी किती फिटली आहे यावर ठरते. म्हणूनच अशा पुस्तकाच्या वार्षिक विवरणात बरेचदा चांगली विक्री दिसते आणि खाली ‘देय रक्कम : निरंक’ असे लिहिलेले असते.

हा लेख त्या एकाच हिशेबाविषयी आहे. उदाहरण म्हणून दादरमध्ये कार्यालय आणि भिवंडीला गोदाम असलेली एक मध्यम आकाराची प्रकाशनसंस्था आणि तिची एक कादंबरी घेतली आहे. ही संस्था आणि आकडे कल्पित आहेत, पण व्यवहाराची रीत नेहमीचीच आहे.

पहिली पायरी : करारनामा वाचून एका पानावर टिपण काढणे

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सही केलेले असावे लागते, आणि त्यात रॉयल्टीची रक्कम किंवा इतर मोबदला नमूद करावा लागतो. त्यामुळे करारनामा हाताशी असतोच. अडचण अशी की तो कपाटात असतो आणि हिशेब ‘आपल्याकडे दहा टक्के देतात’ अशा ऐकीव माहितीवर चालतो. प्रत्येक पुस्तकासाठी करारातल्या हिशेबाच्या अटींचे एक पानी टिपण काढून ते खतावणीच्या फाइलला लावावे, असे माझे ठाम मत आहे.

आपल्या कादंबरीच्या टिपणात पुढील गोष्टी येतात. छापील किंमत ४०० रुपये आहे आणि रॉयल्टी छापील किमतीवर आहे. विक्रेत्याला दिलेले कमिशन किंवा प्रकाशनपूर्व सवलत यांचा रॉयल्टीवर परिणाम होत नाही. ज्या करारात रॉयल्टी प्रत्यक्ष हाती आलेल्या रकमेवर असते, तिथे गणिताचा पायाच वेगळा असतो, हे लक्षात ठेवावे. पहिल्या १,००० प्रतींवर दर १० टक्के आहे, म्हणजे प्रतीमागे ४० रुपये, आणि त्यापुढील प्रतींवर १२.५ टक्के, म्हणजे प्रतीमागे ५० रुपये. ॲडव्हान्स ६०,००० रुपये आहे. तो परत मागता येत नाही, पण या पुस्तकाच्या मिळकतीतून वळता करून घेता येतो. ऑडिओ, अनुवाद अशा इतर हक्कांच्या उत्पन्नात लेखकाचा निम्मा वाटा आहे आणि तोही ॲडव्हान्समध्ये वळता होतो. दुकानांतून प्रती परत येण्याच्या शक्यतेपोटी दर हिशेबात निव्वळ विक्रीच्या १० टक्के प्रतींची रॉयल्टी राखून ठेवायची आणि ती पुढच्या हिशेबात मोकळी करायची आहे. हिशेब दरवर्षी ३१ मार्चअखेरचा आहे.

यातली ‘या पुस्तकाच्या मिळकतीतून’ ही अट विशेष जपावी. त्याच लेखकाचा एखादा कथासंग्रहही आपल्याकडे असेल आणि तो चांगला खपत असेल, तर कादंबरीची न फिटलेली बाकी कथासंग्रहाच्या रॉयल्टीतून कापण्याचा मोह होतो. करारात सर्व पुस्तकांचा हिशेब एकत्र धरण्याची स्पष्ट अट नसेल, तर तसे करू नये. प्रत्येक पुस्तकाची बाकी त्या पुस्तकापाशीच राहिली पाहिजे.

दुसरी पायरी : ॲडव्हान्स दिला त्या दिवसाची नोंद

करार मे २०२२ मध्ये झाला आणि लेखकाला ॲडव्हान्स दिला. तेव्हा लागू असलेल्या आयकर कायदा, १९६१ च्या कलम १९४-जे प्रमाणे रॉयल्टीवर १० टक्के टीडीएस कापावा लागे, आणि रक्कम लेखकाच्या खात्यावर जमा धरणे किंवा प्रत्यक्ष देणे यांतले जे आधी घडेल तेव्हा तो कापायचा असतो. आगाऊ दिलेली रॉयल्टीही यातून सुटत नाही. त्या वर्षी वार्षिक मर्यादा ३०,००० रुपयांची होती आणि ६०,००० ही रक्कम तिच्या वर होती. त्यामुळे ६,००० रुपये कापले गेले आणि लेखकाच्या बँकेत ५४,००० रुपये गेले.

इथे नोंद अशी होते : ‘आगाऊ रॉयल्टी’ या खात्यात, लेखकाच्या आणि पुस्तकाच्या नावाने, ६०,००० नावे, बँक ५४,००० जमा, देय टीडीएस ६,००० जमा. कापलेला कर हा लेखकाच्याच वतीने सरकारात भरलेला पैसा आहे. तो त्याच्या पॅनवर दिसतो आणि त्याचे फॉर्म १६ए आपणच देतो. म्हणून लेखकाला मिळालेला ॲडव्हान्स पूर्ण ६०,०००च आहे. पासबुकात ५४,००० दिसतात म्हणून विवरणाच्या सुरुवातीला ५४,००० लिहिले, तर पुढे पुस्तकाने ॲडव्हान्स फेडल्यावर लेखकाला ६,००० रुपये जास्त जातात. ही चूक दोन-तीन वर्षे दिसत नाही, कारण तोवर देय रक्कम शून्यच असते. ओळखण्याची खूण सोपी आहे. विवरण म्हणते ॲडव्हान्स फिटला, आणि खतावणीत मात्र ६,००० रुपये नावे बाकी लोंबकळत असतात. म्हणून दर ३१ मार्चला विवरणातली ‘पुढे ओढलेली बाकी’ आणि खतावणीतली बाकी रुपयापर्यंत जुळवून पाहावी.

याच दिवशी जीएसटीचाही विचार करावा लागतो. लेखक आपल्या मूळ साहित्यकृतीचा हक्क प्रकाशकाला देतो तेव्हा त्यावरचा कर साधारणपणे प्रकाशकाने उलट आकारणीने, म्हणजे रिव्हर्स चार्जने, भरायचा असतो. लेखकाने स्वतः कर भरण्याचा पर्याय रीतसर घेतला असेल तरच हा भार प्रकाशकावरून जातो. आपल्या उदाहरणात १८ टक्क्यांनी ६०,००० वर १०,८०० रुपये कर होतो, तोही ५४,००० वर नव्हे. छापील पुस्तके करमुक्त असल्याने या कराची वजावट पुस्तकविक्रीतून मिळत नाही आणि तो खर्चात जातो. तो लेखकाच्या रॉयल्टीतून कापायचा नाही आणि ॲडव्हान्सच्या बाकीतही मिळवायचा नाही.

या दोन्ही करांचे एक सूत्र ध्यानात ठेवले की पुढचा गोंधळ टळतो. ॲडव्हान्स देतानाच दोन्ही कर भरून झालेले आहेत, त्यामुळे पुढे त्या ॲडव्हान्समध्ये वळती होणाऱ्या रॉयल्टीवर ते पुन्हा लागत नाहीत. ॲडव्हान्स फिटल्यानंतर जी नवी रक्कम देय होते, तिच्यावरच नव्याने विचार करायचा.

तिसरी पायरी : प्रतींची संख्या पक्की करणे

कादंबरी नोव्हेंबर २०२२ मध्ये निघाली. पहिली आवृत्ती १,१०० प्रतींची होती. लेखकाच्या प्रती आणि अभिप्रायासाठी पाठवलेल्या प्रती मिळून ४० प्रती विनामूल्य गेल्या. त्यांवर रॉयल्टी नाही.

रॉयल्टी मोजताना वितरकाकडे गेलेल्या प्रतींतून परत आलेल्या प्रती वजा करायच्या असतात. परत आलेल्या प्रतींची नोंद क्रेडिट नोटवरून घ्यावी, गोदामातल्या थप्पीवरून नव्हे. पावसाळ्यात भिवंडीला परत आलेल्या गठ्ठ्यात काही प्रतींना ओल लागलेली असते, मुखपृष्ठ फुगलेले असते, आणि गोदामातला माणूस त्या विकाऊ थप्पीत न ठेवता बाजूला टाकतो. त्या प्रती विकल्या गेलेल्या नाहीत, म्हणून विक्रीतून त्या वजा होतातच, मग विकण्याजोग्या असोत वा नसोत. त्यांचे नुकसान प्रकाशकाचे असते. त्या विकल्या गेल्या असे समजून लेखकाला रॉयल्टी देण्याचे कारण नाही, आणि खराब झाल्या म्हणून लेखकाच्या रॉयल्टीतून काही कापण्याचेही कारण नाही.

संख्या बरोबर आहे की नाही हे तपासण्याची एकच रीत मला भरवशाची वाटते. छापलेल्या प्रतींतून विनामूल्य प्रती आणि आजवरची निव्वळ विक्री वजा केली की जे उरते, ते गोदामातल्या चांगल्या आणि खराब प्रतींच्या बेरजेइतके असले पाहिजे. ही जुळणी होईपर्यंत रॉयल्टीचे गणित सुरूच करू नये.

चौथी पायरी : पहिले विवरण

मार्च २०२३ अखेर ७९० प्रती वितरकांकडे आणि दुकानांत गेल्या, ९० परत आल्या. निव्वळ विक्री ७००. करारानुसार तिच्या १० टक्के, म्हणजे ७० प्रती, परतीपोटी राखल्या. रॉयल्टीसाठी ६३० प्रती उरल्या आणि ४० रुपयांप्रमाणे २५,२०० रुपये झाले.

सुरुवातीची बाकी ६०,००० होती. तीतून २५,२०० वळते केले आणि ३४,८०० रुपये न फिटलेला ॲडव्हान्स म्हणून पुढे ओढले. देय रक्कम निरंक. हिशेबवहीत रॉयल्टी खर्च २५,२०० नावे आणि आगाऊ रॉयल्टी खाते २५,२०० जमा एवढीच नोंद होते. लेखकाला एक रुपयाही दिला नाही म्हणून त्या वर्षी खर्चच नाही, असे नवखा माणूस समजतो. पण या वर्षीच्या विक्रीवरची रॉयल्टी हा याच वर्षीचा खर्च आहे. तो आधी दिलेल्या पैशातून भागला, एवढेच.

राखलेल्या ७० प्रतींविषयी एक खबरदारी घ्यावी. ही राखीव आणि न फिटलेला ॲडव्हान्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि विवरणात त्या वेगळ्या ओळींवर दिसल्या पाहिजेत. राखीव प्रती परत आल्या नाहीत तर त्यांची रॉयल्टी लेखकाची आहे. ॲडव्हान्सची बाकी लेखकाने अजून मिळवायची आहे. दोन्ही एका ओळीत मिसळल्या की पुढच्या वर्षी राखीव मोकळी करायची राहून जाते, आणि ती राहिली हे लेखकाला कळण्याचा काही मार्ग उरत नाही.

देय निरंक असले तरी विवरण पाठवावेच. लेखक मुलुंडला राहतो, केव्हाही कार्यालयात येऊन विचारू शकतो, असे म्हणून ते टाळू नये. ज्या वर्षी पैसे मिळत नाहीत, त्याच वर्षी विवरणाची गरज लेखकाला सर्वांत जास्त असते.

पाचवी पायरी : दुसरे विवरण आणि दराची पायरी

२०२३-२४ मध्ये ४८० प्रती गेल्या आणि १३० परत आल्या. निव्वळ विक्री ३५०. तिच्यात गेल्या वर्षीच्या ७० राखीव प्रती मिळवल्या आणि या वर्षीच्या ३५ राखल्या. रॉयल्टीसाठी ३८५ प्रती झाल्या.

दर बदलण्याची १,००० ही संख्या पुस्तकाच्या जन्मापासूनची आहे, एका वर्षाची नव्हे. मागच्या ६३० धरून आजवरच्या प्रती १,०१५ झाल्या. म्हणजे या वर्षीच्या पहिल्या ३७० प्रतींवर ४० रुपयांप्रमाणे १४,८०० आणि उरलेल्या १५ प्रतींवर ५० रुपयांप्रमाणे ७५०, एकूण १५,५५० रुपये. ३४,८०० मधून ते वळते करून १९,२५० पुढे ओढले. देय पुन्हा निरंक.

साठ्याची जुळणीही पाहा. छापलेल्या १,१०० मधून विनामूल्य ४० आणि दोन वर्षांची निव्वळ विक्री १,०५० वजा करता १० प्रती उरतात. गोदामात विकण्याजोग्या ४ आणि ओल लागलेल्या ६ सापडल्या, म्हणजे संख्या जुळली.

दरवर्षीच्या प्रती नव्याने १ पासून मोजल्या, तर कोणत्याच वर्षी १,००० चा आकडा ओलांडला जात नाही आणि सगळ्या प्रतींवर ४० रुपयेच लागतात. आपल्या पुस्तकात या चुकीने तिसऱ्या वर्षाअखेर लेखकाचे ५,३६० रुपये बुडाले असते. ॲडव्हान्स फिटत असताना ही चूक नुसती बाकी थोडी जास्त दाखवते, कोणाच्या खिशाला लगेच चाट बसत नाही, म्हणून ती लपून राहते.

ताळेबंद करताना या बाकीचे काय करावे

३१ मार्च २०२४ च्या ताळेबंदात १९,२५० रुपये मालमत्तेच्या बाजूला दिसतात. सनदी लेखापाल इथे एक रास्त प्रश्न विचारतात : ही रक्कम खरोखर वसूल होणार का? ॲडव्हान्स लेखकाकडून परत मागता येत नाही, त्यामुळे ती पुढच्या मिळकतीतूनच वसूल होऊ शकते. दुसरी आवृत्ती काढायची नसेल, तर उरलेल्या ४ चांगल्या प्रतींचे २०० आणि मोकळ्या होणाऱ्या ३५ राखीव प्रतींचे १,७५० मिळून १,९५० रुपयांपलीकडे आशा नाही. तेव्हा १७,३०० रुपये त्याच वर्षी बुडीत खर्च म्हणून लिहून टाकणे योग्य ठरते. तोट्याची नोंद करणे मालकांना आवडत नाही आणि अशा बाक्या वर्षानुवर्षे ताळेबंदात तशाच राहतात. बंद पडलेल्या पुस्तकांचे ॲडव्हान्स मालमत्ता म्हणून दाखवणारा ताळेबंद मात्र नफा फुगवून सांगत असतो.

नवख्यांना सर्वांत उशिरा उमगणारी गोष्ट याच ठिकाणी आहे. प्रकाशकाने आपल्या वहीत बाकी बुडीत लिहिली, म्हणून लेखकाच्या विवरणातली बाकी पुसली जात नाही. बुडीत लिहिणे हा प्रकाशकाच्या मालमत्तेच्या मोजमापाचा विषय आहे. लेखकाशी झालेला करार त्याने बदलत नाही. पुढे कधी दुसरी आवृत्ती निघाली तर विवरण १९,२५० पासूनच सुरू होते, आणि वळती होणारी बुडीत रक्कम वहीत परत उत्पन्नात घेतली जाते. म्हणून विवरणाची नोंदवही खतावणीहून स्वतंत्र ठेवावी, आणि अशा पुस्तकापुरता दोहोंतला फरक ‘बुडीत लिहिलेले’ या एका ओळीने समजावून ठेवावा. आपल्या उदाहरणात ताळेबंद पुरा होण्याआधीच दुसरी आवृत्ती छापायला गेली होती, त्यामुळे काही लिहून टाकावे लागले नाही.

सहावी पायरी : ॲडव्हान्स फिटतो त्या वर्षाचे विवरण

जून २०२४ मध्ये १,००० प्रतींची दुसरी आवृत्ती निघाली. मार्च २०२५ अखेर ६२० प्रती गेल्या, ८० परत आल्या, निव्वळ विक्री ५४०. मागच्या ३५ राखीव मोकळ्या केल्या, नव्या ५४ राखल्या. रॉयल्टीसाठी ५२१ प्रती, सगळ्या ५० रुपयांच्या दराने. शिवाय ऑडिओ हक्काचे २०,००० रुपये आले आणि त्यातला निम्मा वाटा लेखकाचा. विवरण असे दिसते :

| तपशील | रुपये |
|---|---|
| मागून आलेला न फिटलेला ॲडव्हान्स | १९,२५० |
| प्रतींवरील रॉयल्टी (५२१ × ५०) | २६,०५० |
| ऑडिओ हक्कातील लेखकाचा वाटा | १०,००० |
| या वर्षीची एकूण मिळकत | ३६,०५० |
| ॲडव्हान्समध्ये वळती केलेली रक्कम | १९,२५० |
| देय रक्कम | १६,८०० |
| पुढे ओढलेला ॲडव्हान्स | निरंक |

स्प्रेडशीटमध्ये मागची बाकी B3 मध्ये आणि वर्षाची मिळकत B4 मध्ये असेल, तर देय रक्कम आणि पुढे ओढायची बाकी या दोन सूत्रांनी येतात :

```
=MAX(0, B4-B3)
=MAX(0, B3-B4)
```

या दोहोंपैकी एक उत्तर नेहमी शून्य असते. दोन्ही जागी रक्कम दिसली, तर कोणीतरी सूत्रावर आकडा टंकला आहे असे समजावे.

ऑडिओच्या पैशाविषयी करार काय म्हणतो, याने इथे फरक पडला नाही, कारण ॲडव्हान्स याच वर्षी प्रतींच्या रॉयल्टीतूनच पूर्ण फिटला. हेच पैसे एक वर्ष आधी आले असते तर फरक पडला असता. वळते करण्याची अट असल्यामुळे १९,२५० ऐवजी ९,२५० पुढे ओढले गेले असते आणि लेखकाच्या हाती काही आले नसते. ती अट नसती, तर त्याच वर्षी १०,००० रुपये रोख द्यावे लागले असते आणि बाकी १९,२५० च राहिली असती.

विवरण सहीला पाठवण्यापूर्वी उलट बाजूने एक ताळा करावा. मागच्या वर्षाचे विवरण न पाहता सगळे पहिल्यापासून मोजायचे. तीन वर्षांची निव्वळ विक्री १,५९०, सध्या राखलेल्या ५४ वजा करून १,५३६ प्रती. पहिल्या १,००० चे ४०,००० आणि पुढच्या ५३६ चे २६,८००, मिळून ६६,८००. त्यात ऑडिओचे १०,००० मिळवून ७६,८००. त्यातून ६०,००० ॲडव्हान्स वजा केला की १६,८००. वर्षावर वर्ष रचत आलेले उत्तर आणि पहिल्यापासून मोजलेले उत्तर जुळले, तर मागच्या दोन्ही वर्षांतही चूक नाही असे धरता येते. न जुळल्यास फरकाचा आकडाच बरेचदा चुकीची जागा सांगतो : ६,००० असेल तर टीडीएस, ५,३६० असेल तर दराची पायरी, २,७०० असेल तर ५४ प्रतींची राखीव कापायची राहिली.

आता टीडीएस. मिळकत ३६,०५० असली तरी तीतले १९,२५० २०२२ मध्येच कर कापून दिलेले आहेत. नवी रक्कम १६,८०० आहे आणि ती २०२४-२५ ला लागू असलेल्या ३०,००० च्या मर्यादेत बसते, त्यामुळे कपात नाही. मात्र ही मर्यादा पुस्तकामागे नसून लेखकामागे आहे. त्याच लेखकाच्या कथासंग्रहाची १५,००० रुपये रॉयल्टीही त्याच वर्षी जमा धरली असेल, तर एकूण ३१,८०० होतात आणि पूर्ण ३१,८०० वर १० टक्क्यांनी ३,१८० रुपये कापावे लागतात. बाकी पुस्तकागणिक वेगळी ओढायची आणि कर मात्र लेखकागणिक एकत्र पाहायचा, हा भेद सतत लक्षात असावा. रक्कम ३१ मार्च २०२५ ला जमा धरली आणि धनादेश जुलैत दिला, तरी वर्ष मार्चचेच धरले जाते आणि कापलेला कर ३० एप्रिलपर्यंत भरायचा असतो. १ एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा ५०,००० झाली आहे. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू असल्याने त्यापुढच्या कागदांवर जुने कलम लिहू नये. जीएसटीची उलट आकारणीही १६,८०० वरच होते, म्हणजे ३,०२४ रुपये.

ॲडव्हान्स फिटल्यानंतर वजा आकडा आला तर

पुढच्या वर्षी पुस्तकाचा जोर ओसरतो. दुकानदार जुना साठा परत करतात. समजा ९० प्रती गेल्या आणि १७० परत आल्या. निव्वळ विक्री उणे ८०. मागच्या ५४ राखीव मोकळ्या केल्यावर उणे २६ प्रती राहतात आणि ५० रुपयांप्रमाणे उणे १,३०० रुपये होतात. उणे विक्रीवर नवी राखीव ठेवायची नसते.

वरची सूत्रे इथे यांत्रिकपणे वापरली तर देय शून्य आणि ‘पुढे ओढलेला ॲडव्हान्स’ १,३०० असे उत्तर देतात. आकडा बरोबर आहे, पण नाव चुकीचे आहे. ॲडव्हान्स मागच्याच वर्षी पूर्ण फिटला. ही रक्कम म्हणजे परत आलेल्या प्रतींवर पूर्वी दिली गेलेली जादा रॉयल्टी आहे. तिला विवरणात ‘परतीपोटी जादा दिलेली रॉयल्टी, पुढील हिशेबात वळती’ अशी स्वतंत्र ओळ द्यावी आणि खतावणीतही आगाऊ रॉयल्टीच्या खात्यात ती टाकू नये. ती लेखकाकडून मागून घेण्याची तरतूद करारात नसेल, तर पुढच्या विक्रीची वाट पाहायची, आणि ३१ मार्चला त्या १,३०० रुपयांनाही १९,२५० ला लावलेलाच प्रश्न विचारायचा : हे पुस्तक अजून २६ प्रती विकणार आहे का? नसेल, तर ती रक्कम त्याच वर्षी खर्चात लिहावी.